गरोदरपणात न्हाणीतला धूर, चवथीचे रंगकाम आणि ॲसिडची बाटली

प्रश्न : मी डिचोली तालुक्यात सासरी असते. मला पाचवा महिना चालू आहे. स्वयंपाक गॅसवर होतो, पण आंघोळीचे पाणी न्हाणीतल्या भाणात लाकडांवर तापते आणि सकाळची आग मीच घालते. गेले काही दिवस आंघोळ करून बाहेर आले की डोके जड होते आणि मळमळते. तासाभराने बरे वाटते. घरच्या ऑक्सिमीटरवर ९८ दाखवते. चवथीसाठी रंगकाम सुरू झाले आहे. जुन्या खिडक्यांचा रंग खरवडला, ती धूळ दोन दिवस मीच झाडली. संडास ॲसिडने मीच धुते. दारावरून खनिजाचे ट्रक जातात. सासूबाई म्हणतात, ‘आमची सगळी बाळंतपणे धुरातच झाली.’ नवरा गॅस गिझर आणतो म्हणतो. यातल्या नक्की कशाला भ्यावे?

उत्तर :

तुम्ही सांगितलेल्या गोष्टींत सर्वांत तातडीची गोष्ट न्हाणीतली आहे, तिच्यानंतर खिडक्यांची धूळ येते, मग ॲसिड आणि शेवटी ट्रक. नव्या रंगाचा वास या क्रमात बराच खाली आहे. माझ्याकडे तपासणीला येणाऱ्या बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा धरलेला असतो, कारण आपण वासावरून धोका ठरवतो. न्हाणीतल्या ज्या वायूची मला काळजी वाटते त्याला वासच नसतो.

तो वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. लाकूड पुरेशी हवा न मिळता जळले की तो तयार होतो. श्वासावाटे रक्तात गेला की तो हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे चिकटतो, आणि तेवढे हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेण्याच्या कामातून बाद होते. पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळे असते आणि या वायूला अधिक धरून ठेवते. आईच्या रक्तातून तो बाळाकडे सावकाश पोहोचतो, पण संपर्क लांबला तर बाळाच्या रक्तातले त्याचे प्रमाण आईच्या वर जाऊ शकते, आणि आई मोकळ्या हवेत आल्यावर तिच्यापेक्षा अधिक वेळ ते तिथे टिकते. म्हणून आईला बरे वाटले याचा अर्थ बाळही मोकळे झाले असा घेता येत नाही.

डोके जड होणे आणि मळमळणे विशिष्ट जागेत सुरू व्हावे आणि त्या जागेबाहेर आल्यावर ओसरावे, ही कार्बन मोनॉक्साइडची ठळक खूण आहे. घरातल्या आणखी कोणाला न्हाणीतून आल्यावर असाच त्रास होतो का, हे आजच विचारा. दोघातिघांना होत असेल तर शंका आणखी बळावते. ऑक्सिमीटरवरच्या ९८ ने मात्र धीर धरू नका. बोटाला लावायचे ते साधे यंत्र रक्ताच्या रंगावरून अंदाज बांधते, आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूने भरलेल्या हिमोग्लोबिनसारखेच लाल दिसते. त्यामुळे विषबाधा झालेल्या माणसाच्या बोटावरही ते ९८ किंवा ९९ दाखवते. यंत्र बिघडलेले नाही. हा फरक ओळखण्यासाठी ते बनवलेलेच नाही.

तरीही डोकेदुखी धुराचीच आहे असे गृहीत धरून थांबू नका. पाचव्या महिन्यानंतरच्या डोकेदुखीत आधी रक्तदाब पाहावा लागतो आणि पंडुरोगासाठी हिमोग्लोबिनही तपासावे लागते. आजच जवळच्या आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजून घ्या. तो १४०/९० किंवा त्याहून अधिक असेल तर त्याच दिवशी तुमच्या डॉक्टरांना दाखवा, आणि १६०/११० च्या आसपास असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा पोटात वरच्या बाजूला दुखत असेल तर थेट रुग्णालयात जा. रक्तदाबाची डोकेदुखी न्हाणीबाहेर आल्यावर तासाभरात सहसा विरत नाही, पण फक्त एवढ्या फरकावर निदान सोडून देणे योग्य नाही.

धुराची खात्री करून घ्यायची तर रक्तातल्या कार्बोक्सिहिमोग्लोबिनची तपासणी असते. हाताच्या शिरेतले रक्त तिला पुरते, मात्र को-ऑक्सिमेट्रीची सोय असलेले यंत्र लागते. ते मोठ्या रुग्णालयात असते, म्हणून आधी फोन करून विचारून जावे. वेळ महत्त्वाची आहे. मोकळ्या हवेत हे प्रमाण निम्मे व्हायला मोठ्या माणसाला साधारण चार ते पाच तास लागतात, त्यामुळे सकाळी सातला त्रास झाला आणि रक्त संध्याकाळी दिले तर अहवाल निर्दोष येऊ शकतो आणि तो अहवालच तुमची दिशाभूल करतो. त्रास किती वाजता झाला आणि रक्त किती वाजता काढले, हे कागदावर लिहून द्या. केवळ तपासणीसाठी पुन्हा आग घालून आंघोळ करू नका, हेही स्पष्ट सांगतो. आग बंद केल्यावर त्रास पुन्हा आला नाही, तर निदानाला तेवढा पुरावा मला पुरतो.

मात्र घेरी आली, उलटी झाली, कोणी बेशुद्ध पडले किंवा डोकेदुखी तासाभरात गेली नाही, तर घरी वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करून बांबोळीच्या गोमेकॉत किंवा जवळच्या जिल्हा इस्पितळात जा आणि पोहोचताक्षणी दोन गोष्टी सांगा : बंद न्हाणीत लाकडांची आग होती, आणि मी गरोदर आहे. तिथे मास्कने शंभर टक्के प्राणवायू देतात. गरोदर बाईला तो बरे वाटल्यानंतरही बराच वेळ चालू ठेवावा लागतो, कारण बाळाचे रक्त मोकळे व्हायला अधिक वेळ लागतो. ‘आता बरी आहे, घरी नेतो’ अशी घाई घरच्यांनी करू नये.

आता न्हाणीत नेमके काय घडते ते पाहू, म्हणजे उपाय कुठे करायचा ते कळेल. पावसात लाकूड ओले असते. ते पेटत नाही म्हणून नारळाची सोडणे, पुठ्ठा, क्वचित प्लास्टिकची पिशवी आत सरकवली जाते आणि फुंकणीने फुंकत माणूस आगीच्या तोंडाशी बसतो. या पहिल्या टप्प्यात डोळ्यांना झोंबणारा धूर होतो आणि त्यातच अतिसूक्ष्म कण सर्वाधिक असतात. पुढे धूर थांबतो, निखारे लाल होतात, भाणातले पाणी कढते, आणि आता धूर नाही म्हणून न्हाणीचे दार ओढून घेऊन आंघोळ सुरू होते. नेमक्या याच वेळी लाल निखारे कार्बन मोनॉक्साइड सोडत असतात, आणि पावसाची झड आत येऊ नये म्हणून झरोक्यालाही पोते लावलेले असते. बिनधुराचा निखारा बंद जागेत धुराच्या लाकडाहून अधिक फसवा, असे मी दर पावसाळ्यात सांगतो.

सूक्ष्म कणांचा हिशेब एकदा मांडून पाहा. लाकडाच्या आगीजवळ घनमीटरमागे कित्येक शे मायक्रोग्रॅम सूक्ष्म कण असणे नेहमीचे आहे. उदाहरणापुरते ५०० धरू. तुम्ही आग घालण्यापासून सगळ्यांच्या आंघोळी होईपर्यंत आत-बाहेर मिळून दीड तास तिथे असाल, तर त्या दीड तासाची भर चोवीस तासांच्या सरासरीत सुमारे ३१ मायक्रोग्रॅमची पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांसाठी सुचवलेली मर्यादा १५ ची आहे, आणि भारतीय मानकाची ६० ची. म्हणजे बाहेरची हवा कितीही स्वच्छ असली, तरी दिवस उजाडता उजाडता तुमची पहिली मर्यादा दुपटीने ओलांडलेली असते. हाच हिशेब दुसऱ्या बाजूनेही उपयोगी आहे : चोवीस तासांतले दीडच तास बदलले, तर बहुतांश भार उतरतो.

म्हणून पहिली गोष्ट, उद्यापासून आग तुम्ही घालायची नाही. घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाने घालावी. तीही वाळलेल्या, बारीक फोडलेल्या लाकडांनी, प्लास्टिक अजिबात न जाळता आणि न्हाणीचे दार-झरोका सताड उघडे ठेवून. दुसरी गोष्ट, आगीच्या खोलीत आंघोळ करायची नाही. तापलेले पाणी कोणीतरी बादलीने दुसऱ्या मोरीत किंवा संडासाला जोडलेल्या न्हाणीघरात आणून द्यावे. भरलेली बादली तुम्ही उचलू नका. हे दोन बदल बिनखर्चाचे आहेत आणि एका दिवसात होतात.

तुमच्या यजमानांचा गॅस गिझरचा विचार मात्र जसाच्या तसा अमलात आणू नये. भिंतीला टांगायचा छोटा गॅस गिझर आंघोळीच्या बंद खोलीतच बसवला, तर तो त्या खोलीतला प्राणवायू जाळतो आणि प्राणवायू कमी पडू लागला की त्याच्या ज्योतीतूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. इथे डोळ्यांना झोंबणारा धूरसुद्धा नसतो, त्यामुळे लाकडाच्या आगीत मिळते तेवढीही सूचना मिळत नाही. बंद न्हाणीघरात अशा गिझरमुळे माणसे दगावल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. घ्यायचाच असेल तर गिझर आणि सिलिंडर दोन्ही उघड्या पडवीत किंवा न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीवर बसवावे आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ आणावा. माझी पसंती विजेच्या साठवणीच्या गिझरला आहे. अर्थिंग नीट तपासून बसवलेला १५ लिटरचा गिझर लहान कुटुंबाला पाळीपाळीने पुरतो. छपरावर ऊन येत असेल तर सौर बंब चांगला, पण तुमची गरज आजची आहे आणि सध्या पाऊस आहे. बादलीत सोडायचा विजेचा रॉड वापरणार असाल, तर बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्याला हात लावू नये. लाकडाची आग ठेवणे भागच असेल, तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो. तो श्वासाच्या उंचीवर, वाफेपासून थोडा दूर लावावा. धुराचा साधा अलार्म या कामाला चालत नाही.

आता खिडक्या. गोव्यातल्या जुन्या घरांच्या दारा-खिडक्यांवर पिढ्यानपिढ्या ऑइल पेंटचे थर चढलेले असतात. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारा नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केला आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या ऑइल पेंटमध्ये, शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे लागते. अखंड असलेला जुना रंग भिंतीवर बसून काही करत नाही. तो पत्र्याने खरवडला, पॉलिश पेपरने घासला किंवा ब्लो लॅम्पने जाळला की शिसे धुळीत आणि धुरात येते. ही धूळ फडताळावर, गादीवर, भांड्यांवर बसते आणि हाताने तोंडात जाते. शिसे वारेतून बाळापर्यंत पोहोचते, बाळाच्या वाढत्या मेंदूला अपाय करते, आणि त्याची सुरक्षित म्हणता येईल अशी पातळी ठरलेली नाही.

तुम्ही दोन दिवस ती धूळ झाडली आहे, म्हणून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घेणे मी योग्य समजतो. बहुतेक मोठ्या प्रयोगशाळा शिरेतले रक्त घेऊन ती करतात. अहवाल डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या आत आला, तर धुळीपासून दूर राहणे एवढेच पुरे. ५ किंवा त्याहून अधिक आला, तर शिसे कुठून येते ते शोधून बंद करणे, आहारात कॅल्शियम कमी पडत असेल तर ते भरून काढणे आणि काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करणे, हा मार्ग असतो. आकडा बराच मोठा असेल तर तुमचे डॉक्टर विषबाधेच्या तज्ज्ञांकडे पाठवतील. शिसे शरीरात कॅल्शियमच्या वाटेने फिरते. गरोदरपणात हाडांतले कॅल्शियम बाहेर काढले जाते तेव्हा पूर्वी साठलेले शिसेही त्याच्याबरोबर सुटते, आणि अंगात लोह कमी असेल तर आतड्यातून अधिक शिसे शोषले जाते. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या दोन गोळ्या रोज घेतल्या पाहिजेत, आणि लोहाची गोळी त्यांच्यासोबत न घेता दोन-तीन तासांच्या अंतराने घेतली पाहिजे. एकत्र घेतल्या तर लोह नीट लागत नाही.

उरलेल्या कामाचा क्रम असा ठेवावा असे मला वाटते. खरवडायच्या राहिलेल्या खिडक्या या चवथीला तशाच सोडा. रंग पोपडे धरून सुटत नसेल, तर ओल्या फडक्याने पुसून, न घासता, त्यावर नवा हात मारला तरी सणापुरते काम होते. रंगाऱ्याला ते पटणार नाही, कारण खरवडल्याशिवाय रंग धरत नाही असा त्याचा आग्रह असतो आणि त्याच्या कामापुरता तो खराही आहे. पोपडे सुटलेच असतील तर ते सुके खरवडायचे नाहीत. पृष्ठभाग पाण्याने भिजवायचा, खाली जाड प्लास्टिक पसरायचे, ओला चुरा त्या प्लास्टिकमध्येच गुंडाळून बाहेर न्यायचा, आणि ब्लो लॅम्प वापरायचा नाही. हे काम चालू असताना आणि त्यानंतरची सफाई पूर्ण होईपर्यंत तुम्ही आणि घरात लहान मुले असतील तर ती, घराबाहेर असावीत. जी धूळ आधीच पसरली आहे ती केरसुणीने झाडू नका. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसायची, पाणी बदलून पुन्हा पुसायची. खिडकीची चौकट, तिच्याखालची फरशी आणि फडताळे आधी. हेही काम दुसऱ्याने करावे. तुमच्या गादीची खोळ आणि अंगावरचे कपडे वेगळे धुवा.

नव्या रंगाबद्दल फार घाबरण्याचे कारण नाही. भिंतींचा पाण्यात मिसळायचा इमल्शन रंग, हवा खेळती ठेवून, दुसऱ्या माणसाने लावला तर एका घरकामातला तो संपर्क अल्प असतो. द्रावकांमुळे गर्भपाताची शक्यता वाढल्याचे जे दिसते ते प्रामुख्याने कारखान्यात किंवा रंगकामात दिवसचे दिवस थिनर हाताळणाऱ्या बायकांत. थिनर, टर्पेंटाइन आणि ऑइल पेंट मात्र खरोखर टाळण्यासारखे आहेत, आणि नाकावर रुमाल बांधून ते टळत नाहीत. एन-९५ मास्क कण अडवतो. थिनरची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड त्यातून आरपार जातात. इमल्शन लावलेल्या खोलीत दोन-तीन दिवस झोपू नका, ऑइल पेंट असेल तर आठवडाभर तरी. ऑगस्टमधल्या दमट हवेत रंग उशिरा वाळतो आणि पावसामुळे खिडक्याही मिटलेल्या असतात, म्हणून डब्यावर लिहिलेले वाळण्याचे तास आपल्याकडे पुरे धरू नयेत. माहेरी जायचे असेल तर हेच दहा-बारा दिवस निवडा. मात्र माहेरच्या न्हाणीतही भाणच पेटत असेल, तर आधी तिथली व्यवस्था बदलायला सांगून मग जा.

संडासाच्या ॲसिडची वाफ घसा आणि छाती जाळते, पण हवेशीर जागेत पाच मिनिटांचे काम बाळाला अपाय करेल असे मला वाटत नाही. धोका मिश्रणात आहे. पावसाळ्यात अंगणातले शेवाळ घालवायला ब्लीचिंग पावडर घरात असतेच, आणि संडास जास्त पांढरा व्हावा म्हणून ॲसिडवरच ती टाकली जाते. त्यातून क्लोरीन वायू निघतो. संडासाच्या चार बाय चारच्या खोलीत, खाली वाकून घासणाऱ्या बाईच्या तोंडाशीच तो साठतो. झोंबणारा वास आला, डोळ्यांतून पाणी आणि ठसका सुरू झाला, की घासणे तिथेच टाकून बाहेर यायचे, दार उघडे ठेवायचे आणि पाणी ओतायलाही लगेच परत जायचे नाही. खोकला थांबत नसेल, छाती आवळत असेल किंवा श्वासात सूं-सूं आवाज येत असेल तर इस्पितळात जायचे. क्लोरीनमुळे फुप्फुसाला येणारी सूज काही तास उशिरानेही दिसू शकते. ब्लीच आणि अमोनिया असलेला काच पुसायचा द्रवही असाच एकत्र करू नये. तुमच्यापुरते सांगायचे तर बाळंत होईपर्यंत ॲसिडची बाटली दुसऱ्याच्या हातात द्या, आणि रोजच्या सफाईला साबणाचे पाणी, ब्रश आणि खाण्याचा सोडा वापरा.

दारावरून जाणाऱ्या ट्रकांचे लाल मातीचे लोट दिसायला भयंकर असतात, पण त्यातले बरेच कण जाडे असतात आणि नाकात-घशात अडकतात. अधिक खोल जातात ते डिझेलच्या धुरातले न दिसणारे कण. वाहतुकीच्या वेळात रस्त्याकडच्या खिडक्या मिटून मागच्या उघडा, झोपायची खोली मागच्या बाजूला घ्या, फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा आणि रस्त्याने चालायचे असेल तर एन-९५ चेहऱ्याला घट्ट बसेल असा लावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर हवेचा निर्देशांक दिसतो, पण तो मोजणी केंद्राजवळच्या हवेचा असतो. तुमच्या ओसरीचा नव्हे. सध्या पाऊस हवा धुऊन काढत असल्याने बाहेरची स्थिती बरी आहे. तुमचे शेवटचे महिने डिसेंबर-जानेवारीत येतात, तेव्हा सकाळी थंड हवा खाली बसते, बागायतीतला पालापाचोळा जाळला जातो आणि न्हाणीतली आगही अधिक वेळ पेटते. न्हाणीची व्यवस्था तोवर कायमची बदललेली असावी.

डासांच्या कॉइलबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो, कारण चवथीच्या दिवसांत ती प्रत्येक खाटेखाली असते. एक कॉइल पूर्ण जळताना सोडलेले सूक्ष्म कण वजनाने ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरतात, असे एका बहुचर्चित अभ्यासात मोजले गेले आहे. डेंग्यूचा धोका गरोदरपणात लहान नाही, म्हणून डास सहन करा असे मी म्हणणार नाही. मच्छरदाणी लावा आणि कॉइल बंद करा. आरतीच्या वेळी धूप, कापूर आणि फटाके यांच्या धुरात गर्दीच्या मध्ये न बसता दाराजवळ बसलात तरी देव रागावत नाही.

सासूबाईंचे म्हणणे खोडून काढण्याची मला गरज वाटत नाही, कारण त्या म्हणतात ते घडलेले आहे. धुरात राहिलेल्या बहुतेक बायकांची मुले धडधाकट जन्मली. धुरामुळे कमी वजनाच्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे प्रमाण हजारो बायकांत मोजले तर वाढते. एखाद्या घरातल्या चार बाळंतपणांत ते दिसेलच असे नाही. दुसऱ्या बाजूने, गॅस आणला की बाळाचे वजन वाढेल असेही मी तुम्हाला सांगणार नाही. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत सुमारे ३,२०० गरोदर बायकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत निम्म्या जणींना मोफत गॅस दिला. त्यांच्या श्वासातल्या सूक्ष्म कणांचे प्रमाण सुमारे २४ मायक्रोग्रॅम राहिले, आणि गॅस न मिळालेल्या जणींचे सुमारे ७०, तरी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत बाळांच्या सरासरी वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. गरोदरपणाच्या मध्यावर केलेला बदल उशिराचा ठरत असेल, किंवा वजनावर आहार, पंडुरोग आणि आईची स्वतःची वाढ यांचा प्रभाव अधिक असेल. पण बंद न्हाणीतल्या कार्बन मोनॉक्साइडचा प्रश्न सरासरीचा नाही. तो एका सकाळीही घात करू शकतो, म्हणून मी त्याला सर्वांत वर ठेवले.

पाचव्या महिन्याची सोनोग्राफी चांगली आली असेल तर अवयवांची घडण ठीक आहे एवढे तिने सांगितले. शिसे किंवा धुराचा परिणाम तिच्यात दिसत नाही. बाळाची वाढ पाहण्यासाठी २८ ते ३२ आठवड्यांदरम्यान एक सोनोग्राफी करून घ्या आणि डॉक्टरांना न्हाणीचा हा इतिहास सांगा, म्हणजे मापे कमी आली तर कारण शोधताना तो डोळ्यांसमोर राहील.

एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा, कारण ती ऐन वेळी ठरत नाही. जानेवारीत बाळंतिणीच्या खोलीचे दार-खिडक्या लावून, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून शेक द्यायचा आणि बाळाला ओव्याची धुरी द्यायची, अशी तयारी घरात होईल. न्हाणीत आज जे घडते आहे तेच त्या खोलीत, रात्रभर आणि नवजात बाळाच्या उशाशी घडते. शेक रबरी पिशवीने, कपड्यात गुंडाळून, बाळाला न लावता फक्त आईला द्यावा. धुरी देऊच नये. दोन जाड गोधड्या, टोपी आणि आईच्या अंगाची ऊब बाळाला पुरते, आणि हे सासूबाईंना तुमच्याऐवजी तपासणीच्या वेळी डॉक्टरांकडून सांगवून घेतले तर घरात वाद होत नाही.